दुखतं मानेत, अडलेलं असतं पाठीत: खुर्चीपाशी करायच्या तीन हालचाली

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३८. पणजीत पाटोला ऑफिस, दिवसभर कॉम्प्युटर. सकाळी अकरापर्यंत ठीक असतो, मग उजव्या बाजूची मान खांद्यापर्यंत जड होते आणि संध्याकाळी घरी स्कूटरवरून उतरताना कंबर धरते. मान गोल फिरवतो, बाजूला ओढतो, तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. एक्सरेत मणक्यात थोडा गॅप असल्याचं सांगितलंय. खुर्चीपाशी करता येतील असे दोन-तीन सोपे स्ट्रेच सांगाल का? आणि न्हाव्याकडे मान मोडून घेतली तर चालेल का?

उत्तर:

तो एक्सरे आधी कपाटात ठेवून द्या. ‘गॅप’ म्हणून जे सांगितलं जातं, ती बहुतेक वेळा दोन मणक्यांमधल्या चकतीची वयानुसार कमी झालेली उंची असते. चाळिशीच्या आसपास, कधीच मान न दुखलेल्या माणसांच्या एक्सरेतही ती सर्रास दिसते. शिवाय गॅप काही सकाळी अकराला वाढत नाही. सकाळी ठीक, अकरानंतर जड, संध्याकाळी जास्त, असा तुमच्या दुखण्याचा दिवसाबरोबर चढणारा आलेख आहे. तो झिजेपेक्षा थकव्याचा जास्त वाटतो. कोणता तरी स्नायू तासन्‌तास एकच काम करतोय आणि त्याला सुट्टी मिळत नाहीये.

तो स्नायू कुठला, हे तुम्हीच बोटाने दाखवू शकाल. मानेच्या वरच्या मणक्यांपासून निघून फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर येऊन चिकटणारी एक पट्टी आहे. दाबली की बरं वाटतं आणि दुखतंही, ती जागा. आम्ही तिला लेव्हेटर स्कॅप्युली म्हणतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर या स्नायूला फारसं काम नसतं. स्क्रीनकडे बघता बघता डोकं चार बोटं पुढे गेलं की हिशेब बदलतो. भरलेली कळशी कमरेवर घेऊन अंगण ओलांडता येतं, पण तीच हात लांब करून धरली तर दंड मिनिटभरात थरथरू लागतो. कळशी तीच, वजन तेच.

म्हणजे हा स्नायू आखूड झालेला नाही, उलट लांब ताणलेल्या अवस्थेत तो भार धरून बसलेला आहे. त्याला आणखी बाजूला ओढलं की मज्जातंतूंना थोडा वेळ गप्प बसवल्यासारखं होतं. तुम्हाला वाटतं तो मोकळेपणा हाच. पाच-दहा मिनिटांनी तुम्ही पुन्हा स्क्रीनकडे झुकता आणि कामही पुन्हा सुरू होतं. त्यामुळे मानेला आणखी किती ओढायचं हे विचारण्यापेक्षा तिला इतकं काम का करावं लागतंय हे शोधलं पाहिजे. बैठं काम करणाऱ्यांत मला त्याचं उत्तर बहुतेक वेळा मानेखाली, दोन फऱ्यांच्या मधल्या पाठीत सापडतं. ती पाठ बाक येऊन घट्ट झालेली असते, आणि तिच्यावर बसलेल्या मानेला स्क्रीन दिसावी म्हणून मागे मुडपून वर बघावं लागतं.

हे माझ्या सांगण्यावरून मानू नका, आत्ताच करून बघा. खुर्चीवर मुद्दाम कुबड काढून बसा आणि डोकं उजवीकडे वळवा. कुठवर जातं ते लक्षात ठेवा. आता पाठ सरळ करा आणि पुन्हा वळवा. मान बरीच पुढे गेली ना? मधल्या काळात मानेला काहीच केलेलं नाही.

आधी खूण, मग हालचाल

स्ट्रेच सांगण्याआधी त्यांची परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो, कारण तिन्ही हालचाली प्रत्येकाला लागत नाहीत. नेहमीसारखे बसा, दोन्ही पाय जमिनीवर. डोकं हळू उजवीकडे वळवा आणि जिथे अडेल तिथे नाकासमोर काय येतं ते बघा: कपाटाची मूठ, कॅलेंडर, दाराची चौकट. तीच तुमची खूण. डावीकडचीही घ्या. कमरेसाठी उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा, थोडं मागे वाका आणि किती जाता येतं, कुठे चमकतं ते बघा.

आता खालची एकच हालचाल करा आणि पुन्हा खूण तपासा. मान पुढे गेली, किंवा तेवढीच गेली पण दुखणं कमी झालं, तर ती हालचाल तुमची. काहीच फरक नसेल तर पुढची बघा. पहिल्याच दिवशी तिन्ही एकत्र केल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि आठवड्याने तीनही सुटतात.

पहिली: हनुवटी मागे

खुर्चीच्या पाठीला टेकून बसा, नजर समोर. तर्जनी हनुवटीला लावा. बोट तिथेच ठेवून हनुवटी सरळ मागे न्या, बोट आणि हनुवटी यांच्यात फट पडेल इतकी. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसते आणि ती दिसली तर हालचाल बरोबर आहे. दोन-तीन सेकंद थांबा, सोडा. असं आठ-दहा वेळा. कवटी जिथे मानेला मिळते तिथे मागच्या बाजूला ताण जाणवायला हवा.

यात चुकतं ते असं की लोक हनुवटी मागे नेण्याऐवजी खाली नेतात, म्हणजे होकार देतात. नजर समोरच्या एका ओळीवर ठेवली तर हे लगेच पकडता येतं. ओळ वर-खाली झाली की डोकं झुकलं. दुसरी चूक दात आवळण्याची. दात सुटे, ओठ मिटलेले असू द्या.

कोणाला मानेबरोबर हातातही दुखत असेल किंवा मुंग्या येत असतील तर ही हालचाल करताना एका गोष्टीकडे डोळे लावून बघायचं: दुखणं कुठल्या दिशेने सरकतंय. मनगटातलं दुखणं कोपरापर्यंत, कोपरातलं खांद्यापर्यंत मागे येत असेल, तर मान स्वतः क्षणभर थोडी जास्त दुखली तरी गाडी योग्य दिशेला आहे. उलट खांद्यातलं दुखणं बोटांकडे उतरू लागलं तर तिथेच थांबा. दुखण्याचं असं मध्याकडे परतणं पहिल्यांदा लक्षात घेतलं न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी, १९५६ मध्ये, वेलिंग्टनला. पाय दुखणारा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला. आता याची पाठ आणखी बिघडणार अशी भीती असताना तो पाय बरा झाल्याचं सांगत उठला. कमरेच्या दुखण्यालाही ही दिशेची खूण तशीच लागू पडते.

दुसरी: पाठ खुर्चीच्या कडेवर

तुमच्या वर्णनावरून मला हिच्यावर जास्त भरवसा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

खुर्ची चाकांची नको. पाहुण्यांसाठी ठेवतात ती चार पायांची घ्या, भिंतीजवळ. तिच्या पाठीची वरची कड तुमच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाच्या आसपास यायला हवी. कड बोचत असेल तर नॅपकिनची घडी टाका. पुढे सरकून न बसता पार मागे बसा, पाय जमिनीवर पक्के. दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा आणि कोपरं समोर आणा, म्हणजे डोक्याचा भार मानेवर न राहता हातांवर येईल. आता श्वास सोडत सोडत त्या कडेवरून छाती छताकडे उघडा. दोन सेकंद थांबून परत या. सहा ते आठ वेळा. मग ढुंगण अर्धी वीत पुढे सरकवा. कड पाठीत आता थोडी वर लागेल. तिथेही तितक्याच वेळा करा.

हालचाल लहानशी असते. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तिथे मुळातच कमरेसारखं वाकणं होत नाही, मोठी कमान दिसली तर ती कमरेतूनच निघालेली असणार. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. माणूस झोकात मागे जातो, त्याला बरं वाटतं आणि घट्ट पाठ जिथल्या तिथे राहते. टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे पोट किंचित आत घ्यायचं आणि खालच्या बरगड्या पुढे उसळू द्यायच्या नाहीत. पाय उचलले जात असतील तरी समजा की कमरेतून जाताय. आणि मान मागे टाकायची नाही, ती हातांच्या झोळीत पडून राहिली पाहिजे. चक्कर आल्यासारखं झालं तर थांबा.

ऑफिसात हात डोक्यामागे घेऊन असं करायला संकोच वाटतो, विशेषतः स्त्रियांना. मग हातांची छातीवर घडी घालून स्वतःचेच खांदे धरा आणि हनुवटी थोडी आत ठेवून तेच करा. गुण थोडा कमी, पण येतो. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्या किंवा नुकत्याच पडलेल्या माणसाने मात्र हे कडेवर करू नये.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण इथे देतो, कारण खूण तपासण्याचा उपयोग त्यात नीट दिसतो. म्हापशात एका पतसंस्थेत हिशेब बघायच्या, चाळिशी ओलांडलेली. उजवी मान दुखायची, संध्याकाळी उजव्या डोळ्यामागे डोकं धरायचं. मेडिकलमधून आणलेला मानेचा पट्टा दुपारभर घालून बसायच्या. तपासताना डावीकडे मान खिडकीपर्यंत गेली, उजवीकडे कपाटाच्या अलीकडच्या कडेलाच अडली. आधी हनुवटीची हालचाल करून घेतली. खूण तसूभर हलली नाही. मग खुर्चीच्या कडेवर, दोन जागी. मान कपाट ओलांडून दाराच्या चौकटीपाशी गेली आणि बाई माझ्याकडे संशयाने बघू लागल्या, कारण मी त्यांच्या मानेला हातही लावला नव्हता.

पण पाठ रोज घट्ट होत का होती? दिवसाचा क्रम विचारला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. कॉम्प्युटर टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होता, लोक मात्र समोरून येत. त्यामुळे पाय समोर आणि धड उजवीकडे पिळलेलं, असं त्या निम्मा दिवस बसायच्या. दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. जेवण झालं, शीतकडी पोटात गेली की दुपारी टेबलावर हातांची घडी, त्यावर डोकं, आणि तोंड नेहमी एकाच बाजूला, भिंतीकडे. पाठीला पूर्ण बाक आणि मान एका टोकाला वळलेली, अशी ती डुलकी. माझ्या मते त्यांच्या दुखण्यात एसीपेक्षा या डुलकीचा वाटा मोठा होता. तशी एसीवर सगळेच खापर फोडतात. त्याच्या झोताखाली बसलेला माणूस नकळत खांदे वर चढवून बसतो, इतपत त्याचा दोष मी मान्य करतो.

डुलकी सोडा असं मी गोव्यात कोणाला सांगत नाही. खुर्ची भिंतीला लावायची, टॉवेलची गुंडाळी मानेमागे ठेवायची आणि मागे टेकून डोळे मिटायचे, एवढं ठरलं. स्क्रीन समोर आणली, वरची कड डोळ्यांच्या पातळीला. पट्टा आधी तासाभरावर आणला, मग बंद, कारण तो घातला की मानेच्या स्नायूंना काहीच काम राहत नाही आणि ते आणखीच कमजोर होतात. पाठीची हालचाल दिवसातून तीनदा. आधी डोकेदुखी गेली. मानेचा जडपणा लगेच गेला नाही, तो अकरावरून तीन वाजेपर्यंत पुढे ढकलला गेला. सुधारणा अशीच दिसते: दुखणं नाहीसं होण्याआधी ते उशिरा येऊ लागतं. मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं तेव्हा सगळं परत आलं. तेव्हा कळलं की स्ट्रेचने पाठ मोकळी झाली होती, पण ती सरळ धरून ठेवण्याइतकं बळ फऱ्यांमधल्या स्नायूंत नव्हतं. मग दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून कोपरं मागे ओढण्याचा व्यायाम जोडला. ही स्ट्रेचची मर्यादा आहे आणि तुमच्याही वाट्याला ती येणार.

तिसरी: जांघेपुढचा ताण, कमरेसाठी

कमरेच्या मणक्यांच्या पुढच्या बाजूने एक जाड स्नायू निघतो आणि जांघेतून जाऊन मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. बसलेलं असताना तो आखडून असतो. आठ तास बसून, वर स्कूटरवर पुन्हा बसून, तुम्ही घरी उतरता आणि एकदम सरळ उभे राहता, तेव्हा तो लगेच लांब होत नाही आणि कमरेला पुढे खेचतो. तुमची कंबर नेमकी उतरतानाच धरते, त्यामुळे ही हालचाल तपासून बघण्यासारखी आहे.

टेबल धरून उभे राहा. एक पाय पुढे, एक मागे, मोठं पाऊल टाकल्यासारखे. मागच्या पायाची टाच उचललेली. आधी मागच्या पायाच्या बाजूचं ढुंगण आवळा आणि माकडहाड खाली-पुढे वळवा. मगच अंग चार बोटं पुढे न्या. मागच्या पायाच्या जांघेत, मांडीच्या वरच्या टोकाशी ताण आला पाहिजे. ३० सेकंद धरा, दोन्ही बाजूंना दोनदा. त्याहून जास्त वेळ धरून वेगळं काही मिळत नाही. ताण कमरेत जाणवत असेल तर तुम्ही कमान काढून पुढे गेलात, परत या आणि ढुंगण आवळण्यापासून सुरू करा. साडीत पाऊल लहान पडतं, पण माकडहाड नीट वळवलं तर तेवढंही पुरतं.

हिची खरी जागा पार्किंगमध्ये आहे. घरी निघताना, हेल्मेट चढवण्याआधी, स्कूटरच्या सीटला धरून एकदा करा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण रेनकोट घालून, काचेवरच्या पाण्यातून खड्डे शोधत आपण सगळेच हँडलवर कुबड काढून चालवतो.

साठीच्या पुढची माणसं, ज्यांना उभं राहिलं की पाय भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं, त्यांनी मागे वाकण्याचे आणि हे असले ताण स्वतःहून करू नयेत. ते दुखणं वेगळं असतं.

कधी करायच्या

सकाळी घरी अर्धा तास करून दिवसभर काहीच नाही, याचा उपयोग फार थोडा. स्ट्रेचचा परिणाम लवकर विरतो, म्हणून लहान मात्रा वरचेवर. तुमचं अकराला सुरू होतं, तर साडेदहाच्या चहाला पहिली वेळ ठेवा, दुखायला लागण्याआधी. दुसरी जेवणानंतर थोड्या वेळाने, तिसरी चारला. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात. चहा टेबलावर मागवू नका, उठून जाऊन प्या. एकाच स्थितीत बसून राहणं मोडतं, तेवढाच फायदा. दोन आठवड्यांत खूण पुढे सरकली नाही आणि दुखणं उशिराही येऊ लागलं नाही, तर प्रत्यक्ष तपासून घ्या. आणखी जोराने ताणणं हा त्यावर उपाय नाही.

काही लक्षणं असतील तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, चालताना तोल जातो, हाताची पकड सैल पडते, तर मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो आणि तिथे स्ट्रेच करायचा नसतो. दुखण्याबरोबर ताप, विनाकारण घटलेलं वजन, किंवा कुशी बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तरी आधी डॉक्टर. कंबर दुखतेय आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर त्याच दिवशी बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठा. आणि मान, जबडा, डावा हात यांतलं दुखणं जिना चढताना येतं, थांबलं की जातं आणि सोबत छाती भरून येते, तर ते मानेचं धरू नका, हृदय तपासा.

राहिला न्हावी. मान मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या आहेत. मान एका टोकाला नेऊन दिलेल्या झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. असं क्वचितच होतं, पण ज्या ‘कट्‌’ आवाजासाठी आपण हा धोका घेतो त्याने मणका जागेवर बसत नसतो. तो सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा आवाज आहे, बोटं मोडल्यावर येतो तोच. कोणी मोडून घेतलीच असेल आणि नंतर कधी न जाणवलेलं मानेचं किंवा डोक्याचं तीव्र दुखणं, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं असं काही झालं, तर घरी पडून न राहता लगेच १०८ला फोन करा. चंपी खुशाल करून घ्या. फक्त खुर्चीवर बसतानाच सांगून टाका, भाऊ, मानेला झटका नको.